रात्री मुख्य गेट बंद असताना गाडी थेट कॅज्युअल्टीपर्यंत कशी न्यायची

गेल्या पावसाळ्यात रात्री पावणेदोनच्या सुमारास बाबांच्या छातीत दुखायला लागलं. घाम फुटला होता, डावा हात जड झाला होता, पण शुद्ध होती आणि बोलत होते. गाडी मी चालवत होते, शेजारी धाकटा भाऊ, मागे आई-बाबा. पुण्यातलं ते मोठं हॉस्पिटल घरापासून सात किलोमीटरवर. रस्ते मोकळे असल्यामुळे पंधरा मिनिटांत आम्ही दारात होतो. त्यानंतर आत शिरायला बारा मिनिटं लागली.

ज्या गेटातून आम्ही दिवसा ओपीडीला शंभर वेळा गेलो होतो, त्याला साखळी लावलेली होती. चौकीत उजेड होता, माणूस नव्हता. मॅपनं सांगितलं म्हणून मागच्या गल्लीत गेलो, तर तिथं ऑक्सिजनची टाकी आणि शवागाराची पाटी. आईनं ती पाटी वाचली, हे मला आजही आठवतं. कॅज्युअल्टीचं गेट तिसऱ्याच रस्त्यावर होतं, मुख्य गेटपासून जेमतेम दोनशे मीटरवर, पण डिव्हायडरच्या पलीकडे.

बाबा बरे आहेत. ती बारा मिनिटं कशी वाचली असती, ते क्रमानं लिहिते. नवीन शहरात राहायला आलेल्यांना तर हे जास्तच लागेल, कारण त्यांना दिवसाचंही गेट माहीत नसतं.

१. आधी ठरवा: गाडी की १०८

पेशंट बेशुद्ध असेल, श्वास नीट लागत नसेल, झटके येत असतील, किंवा अपघातात मानेला-पाठीला मार लागलेला असेल, तर १०८ ला फोन करा. महाराष्ट्रात आणि गोव्यात ही ॲम्ब्युलन्स मोफत आहे, आणि तिच्या ड्रायव्हरला कुठल्या हॉस्पिटलचं कुठलं गेट रात्री उघडं असतं ते तोंडपाठ असतं. हा लेख उरलेल्यांसाठी आहे. पेशंट बसू शकतो, घरात गाडी आहे आणि चालवणाऱ्याचे हात थरथरत नाहीत, अशांसाठी.

गाडीत चालवणारा सोडून आणखी एक धडधाकट माणूस हवाच. पुढची जवळजवळ प्रत्येक पायरी त्या दुसऱ्या माणसाच्या जिवावर आहे. घरात कोणी नसेल तर शेजाऱ्यांची बेल वाजवा, संकोच करू नका. आणि ज्याच्या छातीत दुखतंय त्याने स्वतः गाडी चालवायची नाही, तो कितीही ‘मला काही झालं नाही’ म्हणाला तरी.

२. निघताना एक फोन, आणि त्यात नेमका प्रश्न

गाडी सुरू झाली की शेजारी बसलेल्यानं हॉस्पिटलला फोन लावायचा. आम्ही लावला होता, पण नेटवर सापडलेला नंबर अपॉइंटमेंटचा होता. ‘आमच्या कामकाजाची वेळ सकाळी नऊ ते…’ हे ऐकण्यात दोन मिनिटं गेली. कॅज्युअल्टीचा थेट नंबर बहुतेक वेळा जुन्या डिस्चार्ज कार्डावर, फाइलच्या कव्हरवर किंवा बिलाच्या खाली छापलेला असतो. तो आजच मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा, आणि एकदा रात्री अकरानंतर लावून पाहा. उचलणारं कोणी आहे का, ते तेव्हाच कळतं.

फोन उचलल्यावर ‘हॉस्पिटल कुठे आहे?’ असं विचारू नका. त्यावर तुम्हाला मुख्य पत्ता मिळेल, आणि तो तुमच्याकडे आहेच. तीन गोष्टी विचारा:

- रात्री गाडी आत घ्यायचं गेट कुठल्या रस्त्यावर आहे?
- आम्ही अमुक चौकाकडून येतोय, तर ते डाव्या हाताला पडेल की उजव्या?
- गेटसमोर खूण काय आहे? पंप, देऊळ, बँक, काहीही.

दुसरा प्रश्न सगळ्यांत मोलाचा आहे. का, ते पुढे येईलच. फोनवर पेशंटचं वय आणि त्रास एका वाक्यात सांगून टाका: ‘अडुसष्ट वर्षांचे आहेत, छातीत दुखतंय, दहा मिनिटांत पोचतोय.’ काही ठिकाणी मग माणूस व्हीलचेअर घेऊन दाराशी येऊन थांबतो. सगळीकडे नाही, पण सांगायला काही लागत नाही.

३. मॅपवर हॉस्पिटल शोधू नका, कॅज्युअल्टी शोधा

आमचा सगळा घोळ इथं झाला, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मोठ्या हॉस्पिटलचं आवार आठ-दहा एकरांचं असू शकतं, पण मॅपवर त्याची खूण एकच ठिपका असते. तो ठिपका कोणीतरी कधीतरी आवाराच्या मधोमध किंवा मुख्य इमारतीवर टाकलेला असतो. मॅप तुम्हाला त्या ठिपक्याच्या जवळात जवळ जो रस्ता जातो तिथं नेऊन सोडतो. मध्ये भिंत आहे का, गेट आहे का, ते रात्री उघडं असतं का, याची त्याला खात्रीशीर माहिती नसते. म्हणून कधी कधी मॅप तुम्हाला कुंपणाच्या मागच्या बाजूला उभं करून ‘तुम्ही पोचलात’ म्हणतो. आमच्या बाबतीत मुख्य गेटवरून गाडी वळवल्याबरोबर मॅपनं नवा रस्ता काढला, आणि ठिपक्याला सगळ्यांत जवळची होती ती शवागाराची गल्ली.

यावर उपाय असा. हॉस्पिटलच्या नावापुढे ‘कॅज्युअल्टी’, ‘इमर्जन्सी’ किंवा ‘ट्रॉमा’ लिहून शोधा. बऱ्याच मोठ्या हॉस्पिटलांच्या या विभागाचा वेगळा ठिपका असतो. तो सापडला तर तोच लावा. नाही सापडला तर सॅटेलाइट दृश्य चालू करून वरून पाहा. इमारतीला चिकटून पुढे आलेलं एक रुंद छप्पर, त्याच्याखालून आरपार जाणारा डांबरी रस्ता आणि आजूबाजूला पांढऱ्या टपांच्या गाड्या ओळीनं उभ्या, असं दिसलं तर बहुतेक वेळा तोच कॅज्युअल्टीचा पोर्च असतो. तिथून रस्ता मागे मागे नेत कुठल्या गेटपाशी बाहेर पडतो ते बघा. हे काम शेजारच्याचं, चालवणाऱ्याचं नाही. खरं तर घरी बसून, आजच करायचं.

आणखी दोन गोष्टी. मॅप दुचाकीच्या मोडवर असेल तर तो तुम्हाला अशा बोळात घालेल जिथून मोटार वळत नाही. आमच्याकडे भाऊ एरवी स्कूटरवर फिरतो, त्यामुळे त्याच्या मोबाइलमध्ये तोच मोड चालू होता. आणि हॉस्पिटलच्या नावाखाली ‘बंद आहे’ असं दिसलं तर दचकू नका. कित्येकदा ती वेळ ओपीडीची असते.

४. गेट कुठल्या हाताला आहे, ते पोचण्याआधी माहीत हवं

आपण डावीकडून गाडी चालवतो. गेट डाव्या हाताला असेल तर सरळ आत. उजव्या हाताला असेल आणि मध्ये डिव्हायडर असेल, तर पुढचा कट येईपर्यंत जावं लागतं, यू-टर्न घ्यावा लागतो आणि परत यावं लागतं. आमच्या वेळी तो कट जवळजवळ एक किलोमीटर पुढे होता. गेट डोळ्यांना दिसत होतं, त्यावरचा लाल बोर्डही दिसत होता, आणि आम्ही त्याच्यापासून लांब लांब चाललो होतो.

अशा वेळी उलट्या बाजूनं गाडी घालायचा मोह होतो. शंभर मीटरच तर आहे, रस्ता रिकामा आहे, असं वाटतं. पण त्याच गेटातून ॲम्ब्युलन्स सुसाट बाहेर येत असते, आणि तिचा ड्रायव्हर त्या बाजूला बघत नसतो. यू-टर्नला दोन मिनिटं लागतात, ती लागू द्या. त्याहून बरं म्हणजे फोनवरच्या उत्तरावरून आधीच ठरवा की हॉस्पिटलच्या अलीकडच्या चौकातून कुठल्या बाजूनं आलं की गेट डाव्या हाताला पडेल. थोडा लांबचा रस्ता वाटला तरी तोच घ्या.

५. बंद गेटसमोर आलातच तर

गेट बंद दिसलं म्हणजे ते कुलूपबंदच असतं असं नाही. बऱ्याचदा नुसता अडसर किंवा साखळी असते, आणि वॉचमन चहाला किंवा फेरीवर गेलेला असतो.

गाडी गेटच्या तोंडाशी आडवी लावू नका. बाजूला घ्या, चारही इंडिकेटर लावा, दोन-तीनदा डिपर मारा. हॉर्नवर हात ठेवून बसू नका. त्यानं पेशंटची घालमेल वाढते आणि चौकीतला माणूस येताना वैतागून येतो. शेजारच्यानं उतरून गेटपाशी जायचं. मोठ्या गेटला माणसापुरती दिंडी असते, ती बहुतेक उघडी असते. हाक मारायची आणि एका दमात सांगायचं:

‘दादा, पेशंट गाडीत आहे, छातीत दुखतंय. कॅज्युअल्टीचं गेट कुठलं?’

शब्द ‘कॅज्युअल्टी’ हाच वापरा. सरकारी हॉस्पिटलात ‘अपघात विभाग’ म्हटलं तरी कळतं. ‘इमर्जन्सी एंट्रन्स’ म्हणाल तर समोरचा क्षणभर विचारात पडतो. त्रासही सांगा, कारण ‘पेशंट आहे’ एवढं ऐकलं तर त्याला वाटतं की वॉर्डात कोणाला भेटायला आलेत. रात्री डबा घेऊन येणाऱ्या नातेवाइकांना परत पाठवणं हे त्याचं रोजचं काम असतं, त्यामुळे त्याचा पहिला शब्द ‘नाही’ असणार हे धरूनच चला.

इथला मोठा सापळा म्हणजे दिंडीतून पेशंटला चालवत आत न्यायचं. वॉचमन स्वतःच सुचवतो, ‘इथूनच घेऊन जा, समोरच आहे.’ समोर म्हणजे किती? आमच्या हॉस्पिटलात मुख्य गेटपासून कॅज्युअल्टी आतून अडीच-तीनशे मीटर भरते, मध्ये चढ आहे आणि रात्री निम्मे दिवे बंद. छातीत दुखणाऱ्याला, दम लागलेल्याला किंवा चक्कर येणाऱ्याला एवढं चालवायचं नाही. पेशंट गाडीतच राहू द्या आणि गाडी योग्य गेटला न्या. अपवाद एकच. आतून स्ट्रेचर किंवा व्हीलचेअर गेटपर्यंत आलेली तुम्हाला डोळ्यांनी दिसत असेल, तरच उतरवा. ‘मागवतो’ या शब्दावर उतरवू नका.

चौकीत कोणीच नसेल तर एका मिनिटाच्या वर थांबू नका. पुढची पायरी घ्या.

६. रात्री खरं गेट कसं ओळखायचं

रात्री आवाराच्या भोवती फिरताना जिथं उजेड दिसेल तिकडे गाडी वळते. पण उजेड शवागाराबाहेरही असतो, रक्तपेढीबाहेर असतो, कर्मचाऱ्यांच्या वसतिगृहाबाहेर असतो. म्हणून उजेडापेक्षा खुणा बघा.

पहिली खूण लाल बोर्ड. कॅज्युअल्टीची पाटी बहुतेक ठिकाणी लाल रंगावर पांढऱ्या अक्षरांत असते आणि आतून पेटलेली असते. निळ्या किंवा हिरव्या पाटीवर हॉस्पिटलचं नाव असेल, तर ती नुसती ओळख झाली, वाट नव्हे. दुसरी खूण म्हणजे पाटीखालचा बाण. तो इमारतीकडे आहे की रस्त्याच्या पुढच्या टोकाकडे, ते नीट बघा. घाईत आपण पाटी वाचतो आणि बाण सोडून देतो.

तिसरी खूण मला त्या रात्री एका रिक्षावाल्या काकांनी शिकवली. त्यांना विचारलं तर म्हणाले, ‘चहाची टपरी कुठं चालू आहे ते बघायचं ताई, कॅज्युअल्टी तिथंच.’ हे अगदी खरं निघालं. रात्रभर चालू असलेलं मेडिकलचं दुकान, त्याच्या बाजूला टपरी, ओळीनं लावलेल्या रिक्षा आणि फुटपाथवर चादर टाकून बसलेले नातेवाईक, हा घोळका जिथं असेल तिथून कॅज्युअल्टीचं गेट हाकेच्या अंतरावर असतं. बंद गेटांपाशी टपरी चालत नाही. रस्ता विचारायचा तरी याच लोकांना विचारा, येणाऱ्या-जाणाऱ्या मोटारवाल्याला नको.

ॲम्ब्युलन्सच्या मागे जाणं हा मात्र बेभरवशाचा उपाय आहे. दिवा फिरत असेल, आत माणसं दिसत असतील आणि ती हॉस्पिटलकडे वळत असेल, तर थोडं अंतर ठेवून मागे जायला हरकत नाही. दिवा बंद असलेली गाडी पार्किंगला चाललेली असते, किंवा ती शववाहिका असते.

७. पोर्चमध्ये पोचल्यावर

पोर्चच्या तोंडाशी थांबू नका. गाडी पूर्ण पुढे घ्या, म्हणजे मागून येणाऱ्या ॲम्ब्युलन्सला जागा राहते. पेशंट ज्या दाराजवळ बसलाय ते दार इमारतीच्या बाजूला येईल असं बघा. आम्ही बाबांना उजव्या बाजूला बसवलं होतं आणि पायऱ्या डावीकडे होत्या. त्यांना सीटवरून सरकत यावं लागलं. तेव्हापासून घरात नियम केलाय, पेशंट नेहमी मागे डावीकडे.

गाडी थांबल्यावर पेशंटला लगेच ओढून बाहेर काढायचं नाही. दुसऱ्या माणसानं आत जाऊन ‘ब्रदर, स्ट्रेचर’ किंवा ‘मामा, व्हीलचेअर’ अशी हाक मारायची. उचलायची सवय असलेली माणसं येतात, त्यांना उचलू द्या. पडून किंवा धडकून मार लागलेला असेल तर मान हलवू नका, ‘पडलेत, मानेला लागलंय’ हे आधी सांगा, म्हणजे ते त्या तयारीनं येतील.

पेशंटबरोबर आत जायचं ते दुसऱ्या माणसानं. चालवणाऱ्यानं गाडी हलवायची. किल्ली लावून गाडी तशीच सोडून आत पळालात, तर पाच मिनिटांत कोणीतरी गाडीचा नंबर पुकारत आत येतो, आणि नेमकं तेव्हा डॉक्टर तुम्हाला काहीतरी विचारत असतात. पार्किंग तळघरात असेल तर एक लक्षात ठेवा, रात्री तिथली लिफ्ट कधी कधी फक्त मुख्य इमारतीत उघडते आणि कॅज्युअल्टीकडचं दार बंद असतं. मी तशी दहा मिनिटं अंधाऱ्या ओपीडीत फिरले आहे. गाडी लावून रॅम्पनंच चालत वर या.

८. सोबत काय न्यायचं

कागद नसले तरी निघा. अपघातात किंवा जिवावरच्या प्रसंगात आधी उपचार, बाकीचं नंतर, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केलं आहे, आणि ते सरकारी-खासगी दोन्हींना लागू आहे. रस्त्यावर जखमी झालेल्या अनोळखी माणसाला तुम्ही घेऊन आला असाल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ अ नुसार तुमच्यावर त्याबद्दल दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. नाव सांगायचीही सक्ती नाही.

पण घरातल्या आजारी माणसासाठी एक प्लास्टिकची फाइल दाराजवळच्या खिळ्याला लटकवून ठेवा. तिच्यात एवढंच:

- शेवटचं डिस्चार्ज कार्ड आणि जुना ईसीजी
- चालू गोळ्यांची यादी, आणि कशाची ॲलर्जी असेल तर ती मोठ्या अक्षरात
- आधार कार्डाची प्रत, विमा कार्डाची प्रत. महात्मा फुले योजनेत बसत असाल तर रेशन कार्डाचीही

मोबाइलचा चार्जर आणि थोडे सुटे पैसे. दागिने घरी काढून ठेवा.

जुन्या ईसीजीचा उपयोग मला त्या रात्री कळला. डॉक्टरांनी नवा ईसीजी हातात घेतल्याबरोबर पहिला प्रश्न तोच विचारला, ‘आधीचा आहे का?’ आमचा कपाटात होता.

९. एक फेरी रात्रीच मारून या

दिवसा जाऊन पाहिलंत तर फारसा उपयोग नाही, कारण दिवसा सगळी गेटं उघडी असतात. रात्री अकरानंतर जा. काही ठिकाणी मुख्य गेट दहाला बंद होतं आणि बाजूचं अकराला, त्यामुळे साडेदहाला पाहिलेलं चित्र दोन वाजता खरं असेलच असं नाही. टपरीवर चहा घ्या, वॉचमनला विचारा, ‘दोन-तीन वाजता पेशंट आणला तर गाडी कुठून घ्यायची?’ या प्रश्नावर आजवर कोणी मला हटकलेलं नाही.

मग गेटपाशी उभं राहून मॅपवर त्या जागी बोट दाबून धरा, ठिपका टाका आणि ‘कॅज्युअल्टी गेट’ नावानं सेव्ह करा. पोर्चवर नको, गेटवर टाका. पोर्चवर टाकला तर मॅप पुन्हा त्याच्या जवळचा भलता रस्ता शोधून काढू शकतो. हॉस्पिटलात बांधकाम चालू असेल तर दर दोन-तीन महिन्यांनी खात्री करून घ्या, कारण बांधकामात सगळ्यांत आधी बदलतात ती गेटं.

तो ठिपका घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलवर पाठवून ठेवा. नाहीतर तुम्ही आत असता, आणि गावाहून निघालेला काका पहाटे चारला मुख्य गेटच्या साखळीपाशी उभा राहून फोन करतो. आमच्या घरच्या ग्रुपवर हा मेसेज वरती पिन करून ठेवलेला आहे, तुम्ही आपली नावं घालून घ्या:

‘मुख्य गेट रात्री बंद असतं, तिकडे जाऊ नका. चौकातून डावीकडे वळा, पंप सोडून पुढचं गेट, लाल बोर्ड, समोर चोवीस तास मेडिकल. डाव्या हाताला येईल असंच या, उलटं येऊ नका. पेशंटला गाडीतून उतरवू नका, आत पोर्चपर्यंत गाडी जाते.’